कृतज्ञता रोजची साधना म्हणून करायची, पण दुःखावर पांघरूण न घालता, ते कसं?

ग्रॅटिट्यूड जर्नल आता बहुतेकांना माहितीय. रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि झोपायचं. काहींना त्याचा खरंच फायदा होतो, पण बऱ्याच जणांचं थोड्या दिवसांत असं होतं की वहीत तेच तेच उतरायला लागतं, घर, तब्येत, फॅमिली, परत घर, तब्येत, फॅमिली, आणि ज्या दिवशी ऑफिसात चारचौघांत अपमान झालेला असतो किंवा घरच्या कुणाचे रिपोर्ट वाईट आलेले असतात त्या दिवशी ती वही उघडली की आपण स्वतःशीच खोटं बोलतोय असं वाटतं. मग दोनच रस्ते उरतात, एक तर वही बंद, नाहीतर जबरदस्तीने हसरा चेहरा.

हा घोळ वहीमुळे होत नाही. वाटण्यापासून सुरुवात केली की तो होतो. ‘आज मला कशाबद्दल छान वाटलं’ हा प्रश्न मूड चांगला असतानाच चालतो. ज्या धर्मपरंपरांनी शेकडो वर्षं कृतज्ञता साधना म्हणून केली त्यांनी भावनेला सुरुवातीला फारसं विचारलेलंच नाही, त्यांनी आधी घडलेल्या गोष्टींचा हिशोब मांडला आणि दुःखासाठी वेगळी जागा ठेवली. हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते जपानच्या नाइकान पद्धतीत, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

जपानमध्ये बौद्ध धर्माचा जोदो शिनशू नावाचा मोठा पंथ आहे. त्यात अमिदा बुद्धाचं नाव घेतात, पण काहीतरी मिळावं म्हणून घेत नाहीत, मिळायचं ते आधीच मिळालंय म्हणून आभार मानायला घेतात. याच पंथाच्या आसपास ‘मिशिराबे’ नावाची एक अतिशय कडक साधना होती. अन्न, पाणी, झोप सोडून एकांतात बसायचं आणि आत्ता मेलो तर माझं काय होईल असा विचार करत आपलं सगळं आयुष्य तपासायचं. योशिमोतो इशिन नावाच्या माणसाने (जन्म 1916, मृत्यू 1988) ती पुन्हा पुन्हा करायचा प्रयत्न केला आणि शेवटी 1937 मध्ये ती त्याला साधली. पुढे तो व्यवसायात पडला, पण हा अनुभव साध्या माणसालाही मिळायला हवा हे त्याच्या मनातून गेलं नाही, म्हणून त्याने उपास आणि जागरण काढून टाकलं, धर्माची भाषाही काढली आणि नारा प्रांतातल्या यामातो-कोरियामा गावात लोकांना आठवडाभर बसवायला सुरुवात केली, तीच नाइकान. 1950 च्या दशकात जपानच्या तुरुंगांमध्येही ही पद्धत गेली.

आठवड्याचं स्वरूप असं. खोलीच्या कोपऱ्यात घडीचा पडदा उभा करतात आणि त्याच्या आड तुम्ही एकटे बसता, पहाटेपासून रात्री नऊच्या सुमारापर्यंत. फोन नाही, गप्पा नाहीत, पुस्तक नाही, जेवणसुद्धा तिथेच येतं. दर तास-दोन तासांनी मार्गदर्शक येतो, वाकून नमस्कार करतो, कुणाबद्दल आणि कुठल्या काळाबद्दल आठवत होतात ते विचारतो. तुम्ही तीन प्रश्नांची उत्तरं देता, पाचेक मिनिटांत तो नमस्कार करून जातो. सल्ला नाही, शाबासकी नाही, अर्थ लावणं नाही.

तीन प्रश्न हे: या माणसाकडून मला काय मिळालं? मी त्याला काय दिलं? माझ्यामुळे त्याला काय त्रास झाला? सुरुवात बहुतेक वेळा आईपासून होते, किंवा जिने वाढवलं तिच्यापासून, शाळेची पहिली वर्षं आधी आणि मग दोन-तीन वर्षांचा एकेक तुकडा घेत आजपर्यंत. मग वडील, भावंडं, नवरा-बायको, साहेब. आणि वेळेची वाटणीसुद्धा ठरलेली आहे, साधारण वीस टक्के पहिल्या प्रश्नाला, वीस टक्के दुसऱ्याला आणि उरलेले साठ टक्के तिसऱ्याला. कृतज्ञतेची साधना म्हणायची आणि निम्म्याहून जास्त वेळ आपल्यामुळे झालेल्या त्रासाला, हे ऐकून दचकायला होतं, पण हे साठ टक्के का ते उदाहरणातच नीट कळेल.

समजा चाळिशीतला एक माणूस बसलाय. व्यक्ती आई, काळ दुसरी ते चौथी. पहिल्या फेरीत तो सांगतो, “आईने खूप केलं माझ्यासाठी, खूप प्रेम दिलं.” असलं उत्तर इथे चालत नाही, कारण यात एकही घटना नाही. तेव्हा मार्गदर्शक एवढंच विचारतो, नेमकं काय? पुढच्या फेरीपर्यंत तो बसून राहतो, आधी काहीच येत नाही, मग हळूहळू येतं. दुसरीत गोवर आला होता तेव्हा आईने चार दिवस शिलाईचं काम बंद ठेवलं होतं, आणि ते काम तासावर नव्हतं, नगावर होतं, म्हणजे चार दिवसांचे पैसे गेलेच. शाळेच्या रस्त्यात हायवे लागायचा म्हणून तिसरी संपेपर्यंत ती सोडायला यायची आणि तशीच चालत परत जायची. गॅदरिंगला मावळ्याचा ड्रेस भाड्याने आणायला पैसे नव्हते तर तिने जुन्या पडद्याचा शिवला होता.

मग दुसरा प्रश्न, मी काय दिलं? इथे बराच वेळ शांतता. नळाला पाणी नसायचं तेव्हा दोन-चारदा हापशावरून छोटी कळशी आणली होती, एवढंच आठवतं. आणि तिसरा, काय त्रास झाला? नवा कंपास हरवला तेव्हा घाबरून तो चोरीला गेला असं सांगितलं, आई शाळेत जाऊन बाईंशी भांडून आली, नंतर तो शेजारच्यांच्या अंगणात सापडला आणि बाईंसमोर तिला मान खाली घालावी लागली. पडद्याचा ड्रेस म्हणून पोरं हसली तर घरी येऊन तो फेकून दिला होता.

इथे तो हिशोब करतो की आई तेव्हा किती वर्षांची होती आणि एकोणतीस असा आकडा येतो. आपल्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान बाई. इतकी वर्षं त्याच्या डोक्यात फक्त ‘आई’ होती, आता तिथे एकोणतीस वर्षांची, पाय दुखत असतानाही हायवेपर्यंत चालणारी एक बाई आहे. आणि त्याला कुणीही ‘आता थँक्यू वाटू दे’ असं म्हटलेलं नाही. तिसऱ्या प्रश्नाचे साठ टक्के याच्यासाठी. नुसतं काय मिळालं याची यादी केली की मन पटकन ‘मिळायलाच हवं होतं, हक्कच होता’ म्हणून मोकळं होतं, पण समोरच्याला ते देताना काय पडलं आणि आपण वर काय केलं हे शेजारी मांडलं की त्याच मिळालेल्या गोष्टीचं वजन बदलतं.

आणखी एक बारकावा. नाइकानमध्ये देणाऱ्याचा हेतू बघत नाहीत. ड्रायव्हरला पगार मिळतो म्हणून त्याने एसटी चालवली, माझ्यावरच्या प्रेमाने चालवली नाही, कबूल, पण मी घाट उतरून सुखरूप पोचलो हे तर घडलंच ना, तेवढं लिहायचं. त्यामुळे न आवडणाऱ्या माणसाबद्दलही हिशोब मांडता येतो आणि त्याच्याबद्दल मत बदलावं लागत नाही. साहेब खडूस आहे आणि साहेबाने माझी रजा मंजूर केली, ही दोन्ही वाक्यं एकाच पानावर राहू शकतात.

आता मोठा आक्षेप. चौथा प्रश्न कुठाय? त्या माणसाने मला काय त्रास दिला, हे का विचारत नाहीत? नाइकानवाल्यांचं उत्तर असं की तो प्रश्न मन आपोआप चोवीस तास सोडवत असतं, त्याला वेगळी बैठक लागत नाही. रोजच्या कुरबुरींसाठी मला हे उत्तर पटतं. पण सगळीकडे नाही, आणि इथेच ही पद्धत धोक्याची होते. लहानपणी ज्याला घरात मारहाण झालीय किंवा ज्याचं लैंगिक शोषण झालंय, त्याला त्याच माणसाबद्दल ‘माझ्यामुळे त्याला काय त्रास झाला’ यावर साठ टक्के वेळ बसवणं म्हणजे जखमेवर मीठ, कारण अशा मुलांना आधीच वर्षानुवर्षं वाटत असतं की चूक आपलीच होती. गंभीर डिप्रेशनमध्येही तेच, अपराधीपणा हे तिथे आजाराचंच लक्षण असतं, तिसरा प्रश्न त्याला खतपाणी घालतो. अशा वेळी ही साधना करायचीच असेल तर वेगळ्या माणसावर करायची, एखादी मावशी, एखादे शिक्षक, किंवा फक्त आजच्या दिवसावर, आणि ती जखम थेरपिस्टसोबत बघायची. चौथा प्रश्न विचारला नाही म्हणून त्याचं उत्तर खोटं ठरत नाही.

दुःखाला वेगळी जागा द्यायची ही गोष्ट ज्यू परंपरेने तर कायद्यातच लिहून ठेवलीय, आणि ती परंपरा आपल्याला परकी नाही, कोकणातले बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत ती पाळत आलेत. त्यांच्याकडे मलिदा असतो. साखरपुडा, बारसं, नवं घर, आजारातून उठणं, नवस फिटणं, अशा वेळी गोड पोह्यांचं ताट मांडतात, त्यात खोबरं, वेलची, भोवती फळं, आणि एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने आभाराची प्रार्थना. अलिबागजवळ खंडाळा गाव आहे, तिथे एलियाहूचा रथ उतरला होता अशी श्रद्धा आहे आणि लोक तिथेही नवस फेडायला जातात.

ज्यू लोकांमध्ये आभार इतके बारीक वाटलेले असतात की ऐकून नवल वाटतं. झाडाच्या फळाचा आशीर्वाद, म्हणजे देवाचे आभार मानणारं छोटं वाक्य, वेगळा, जमिनीतून येणाऱ्याचा वेगळा, आणि केळीला खरं खोड नसतं, ती दरवेळी नव्याने येते म्हणून केळं जमिनीच्या गटात. सुवासाला वेगळा. शौचाला जाऊन आल्यावरसुद्धा एक प्रार्थना आहे की देवा, तू शरीरातल्या वाटा जिथे उघड्या हव्यात तिथे उघड्या आणि जिथे बंद हव्यात तिथे बंद ठेवल्यास. तालमुद या ज्यू धर्मग्रंथात दिवसाला शंभर आशीर्वाद म्हणावेत असं आलंय. इतकं नेमकं असल्यामुळे ‘घर, तब्येत, फॅमिली’ होतच नाही, हातात जे आहे त्याकडे बघावंच लागतं.

पण खरी शहाणपणाची गोष्ट पुढे आहे. मिश्ना हा ज्यू कायद्याचा जुना ग्रंथ म्हणतो की वाईटाबद्दलही चांगल्यासारखाच आशीर्वाद म्हणावा. हे वाचून वाटेल की हीच ती सक्तीची पॉझिटिव्हिटी. पण शब्द बघा. चांगली बातमी आली तर देवाला ‘चांगला आणि चांगलं करणारा’ म्हणतात, आणि मृत्यूची बातमी आली तर ‘सत्य न्यायाधीश’ म्हणतात. दुसऱ्या वाक्यात ‘चांगलं’ हा शब्दच नाही. जे झालं ते झालं, त्याच्यावर माझा ताबा नव्हता, एवढं मान्य करायचं, ते छान झालं असं म्हणायचं नाही. आणि याच्याही पुढे जाऊन, घरात मयत झालंय आणि दफन व्हायचंय, तोवर जवळच्या नातेवाइकाला प्रार्थनेतून सूट आहे. जेवताना आशीर्वाद म्हणायचा नाही, दुसऱ्याच्या आशीर्वादाला आमेनसुद्धा म्हणायचं नाही. शंभर आशीर्वाद सांगणारी परंपराच म्हणतेय की आज एकही नको, आज तू फक्त तुझ्या माणसाचं बघ.

आपल्याकडे अशा मृत्यूच्या घरी चौथ्या दिवशी कुणीतरी येतं आणि म्हणतं, “सुटला बिचारा, हाल झाले नाहीत, देवाचे आभार मान.” वाक्य चुकीचं असेलच असं नाही, कधी कधी ते खरंही असतं, पण ते सांगायचा हक्क त्या घरातल्या माणसाचा. ते त्याला जेव्हा सुचेल तेव्हा, आणि कधीच सुचलं नाही तरी चालेल.

इथे तुकोबा आठवल्याशिवाय राहत नाहीत. 1630 च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांचा धंदा बुडाला, पहिली बायको अन्नान्न करत गेली, मुलगा गेला. आणि त्यांचाच अभंग आहे, “बरें जालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली.” हा अभंग बरेचदा उचलून दुसऱ्याच्या तोंडावर मारला जातो, बघ, तुकोबांचं एवढं गेलं तरी ते बरं झालं म्हणाले, तू कसलं रडतोस. पण ते कोण म्हणतंय ते बघा ना. ज्याचं दिवाळं निघालं तोच म्हणतोय, स्वतःबद्दल म्हणतोय, आणि मागे वळून बघताना म्हणतोय. गावातल्या सावकाराने किंवा शेजाऱ्याने तेच वाक्य दुष्काळात तुकोबांना ऐकवलं असतं तर तो निव्वळ निर्दयपणा झाला असता. शिवाय त्याच गाथेत विठ्ठलाला निष्ठुर म्हणणारे, त्याच्याशी उभं भांडण मांडणारे अभंगही आहेत, आणि वारकऱ्यांनी ते गाळून फक्त आभाराचे ठेवलेले नाहीत, दोन्ही टाळ-मृदंगावर म्हटले जातात.

यावरून मला सगळ्यात उपयोगी वाटणारी ओळख ही, की कृतज्ञता वसूल करायला दुसरा कुणी आला की ती साधना राहत नाही. सासरी सुनेला “एवढं चांगलं घर मिळालं, कदर कर”, कंपनीत पगारवाढ मागितली की “आज जॉब आहे याबद्दल ग्रेटफुल रहा”, आजारी माणसाला “पॉझिटिव्ह रहा, सगळं ठीक होतं”. या तिन्ही ठिकाणी आभार मानायला सांगणाऱ्याचा स्वतःचा काहीतरी फायदा आहे, काम स्वस्तात होतं, तक्रार ऐकावी लागत नाही, किंवा आपली भीती झाकली जाते. नाइकानमधला मार्गदर्शक मुद्दाम गप्प राहतो तो याचसाठी, त्याला तुमच्या आभारातून काहीच मिळत नाही.

दुसरी ओळख आपल्या स्वतःच्याच वाक्यांमध्ये सापडते. ‘निदान मला नोकरी तरी आहे’, ‘लोकांना तर तेवढंही मिळत नाही’, अशी वाक्यं वहीत यायला लागली की समजायचं की आपण मिळालेलं मोजत नाही, दुसऱ्याच्या वाईटावर आपला दिलासा उभा करतोय. असल्या वाक्यात देणारा कुणीच नसतो. ते वाक्य खोडून कुणी काय दिलं असं लिहायचा प्रयत्न करून बघायचा, आणि काही सापडलं नाही तर ते पान सोडून द्यायचं, त्या दिवशी बहुधा रडायचं किंवा भांडायचं काम बाकी असतं.

घरी करायला आठवड्याची बैठक लागत नाही, नाइकानचं रोजचं छोटं रूपही आहे. रात्री वीसेक मिनिटं, एक माणूस किंवा आजचा दिवस, आणि तेच तीन प्रश्न. कागदाचे तीन उभे भाग करायचे. प्रत्येक ओळीत माणूस आणि क्रियापद हवं, ‘शांतता मिळाली’ नको, ‘जोशीकाकूंनी कुकरच्या शिट्ट्या बघितल्या म्हणून माझी मीटिंग नीट झाली’ असं हवं. वाटलं काय ते लिहायचं नाही, फक्त घडलं काय. रोज जमलं नाही तर आठवड्यातून एकदाही पुरतं. सोन्या ल्युबोमिर्स्की या कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञ, त्यांनी विद्यार्थ्यांना सहा आठवडे चांगल्या गोष्टी मोजायला सांगितल्या होत्या, तर आठवड्यातून एकदा मोजणाऱ्यांना फरक जाणवला आणि तीनदा मोजणाऱ्यांना नाही. एका प्रयोगावरून नियम करू नये, पण रोज केलं की ते यांत्रिक होतं हा अनुभव बऱ्याच जणांचा असतो.

आणि तक्रारींसाठी वेगळं पान ठेवायचं, त्याच वहीत, मागच्या बाजूने उलटं. चौथा प्रश्न तिथे. दोन्ही पानं एकमेकांना खोडत नाहीत, आणि दोन्हीवर एकच माणूस येऊ शकतो.

शेवटी एक मुद्दा कृतीचा, कारण इस्लामी विचारवंत इमाम गझालींनी शुक्र म्हणजे आभाराचे तीन भाग सांगितलेत, आधी जाणणं, मग मनाची अवस्था, मग काम, आणि आपण बहुतेक वेळा मधल्यावरच थांबतो. समजा तुमच्या पानावर आज आलं की सोसायटीच्या वॉचमनने पावसात छत्री धरून गाडीपर्यंत सोडलं, तुम्ही त्याला काही दिलं नाही, आणि गाडी आडवी लावल्यामुळे त्याला दोन जणांच्या शिव्या खाव्या लागल्या. तर उद्या गाडी सरळ लावायची, त्याला सॉरी म्हणायचं. आणि त्याचा दोन महिन्यांचा पगार एजन्सीने अडकवलाय हे तुम्हाला माहीत असेल तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो विषय तुम्हीच काढायचा, सेक्रेटरींना आवडो न आवडो.